एकाच घरात, एकाच तापानंतर दोघींचे केस गळले; कारणं मात्र वेगळी निघाली

पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी, खानापूर तालुक्यात होते. लेक झाली फेब्रुवारी २०२३ मध्ये. गरोदरपणात केस इतके दाट झाले होते की वेणीच्या रबराचा तिसरा वेढा बसायचा नाही. आईला कोण कौतुक. सगळं श्रेय तिने डिंकाच्या लाडवांना दिलं.

मे महिन्यात लेकीला घेऊन सासरी, बेळगावला आले आणि गळती सुरू झाली. फणी फिरवली की गुंतवळ, उशीवर केस, बाळाच्या मुठीत केस. एकदा तर तिच्या पायाच्या बोटाला माझा केस घट्ट गुंडाळलेला सापडला. (हे मात्र गमतीवारी घेऊ नका. असा केस आवळून बोट सुजतं. बाळ उगाच रडत असेल तर मोजे काढून बोटं बघायची.) सासूबाई म्हणाल्या, "पोर हसूलालीय नव्हं, मग आईचे केस जाणारच. येतात परत."

त्यांचा हिशेब बरोबर होता, हे मला पुढे कळलं. बाळ ओळखीचं हसायला लागतं ते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, आणि बाळंतपणाची गळतीही साधारण तेव्हाच लागते. डोक्यावरचा प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग सुमारे तीन महिने नुसता बसून राहतो आणि नंतर गळतो. एरवी दहातला एखादा केस असा बसलेला असतो, म्हणून दिवसाला पन्नास ते शंभर केस गळले तरी आपल्याला काही वाटत नाही. गरोदरपणात संप्रेरकांमुळे केस वाढतच राहतात, गळायचे तेही थांबतात. बाळंत झाल्यावर हा आधार निघून जातो, खूप केस एकदमच बसतात आणि तीन महिन्यांनी एकदमच गळतात. म्हणजे मे-जूनमध्ये जे पडत होतं त्याचं मूळ फेब्रुवारीत होतं. लाडू, शाम्पू किंवा बेळगावचं पाणी यांचा त्यात काही संबंध नव्हता.

जुलैअखेर गळती उतरली. कपाळाच्या कडेला बारीक केस उभे राहू लागले, पावसाळ्यात ते आणखीच ताठ दिसायचे. मी निश्चिंत झाले. मग ऑगस्टमध्ये घरात डेंग्यू आला. आधी धाकटी नणंद आजारी पडली, लगेच मी. तिला दवाखान्यात ठेवावं लागलं, माझं घरीच भागलं. ताप गेला, अंगदुखी रेंगाळली, तीही गेली. गणपती झाले, दसरा झाला, आणि दिवाळीच्या आसपास दोघींचे केस गळायला लागले. नणंद मोरीच्या जाळीवरून केसांचा गोळा काढून दाखवायची, "वैनी, बघा की, मूठभर गेले." गुंतवळ घेऊन स्टीलची भांडी देणाऱ्या बायका आमच्या गल्लीत येतात. आमच्या दोघींच्या गुंतवळीवर सासूबाईंनी एक डबा मिळवला. घरात हसायला तेवढंच एक निमित्त होतं.

त्या काळात मी गावातल्या एका केसांच्या क्लिनिकमध्ये जाऊन आले. नाव लिहीत नाही. तिथल्या बाईंनी डोक्यावर कॅमेरा फिरवला, पडद्यावर माझी टाळू मोठी करून दाखवली आणि रक्तातून काढून टोचायच्या उपचाराचं तीस हजारांचं पॅकेज सांगितलं. बाळंतपण कधी झालं, ताप आला होता का, आईचे केस कसे आहेत, यातलं एकही विचारलं नाही. हप्ते किती पाडायचे ते मात्र विचारलं. मी तिथून उठले.

जानेवारी २०२४ मध्ये सरकारी दवाखान्याच्या चर्मरोग ओपीडीत दोघी गेलो. चिठ्ठी दहा रुपयांची. चिठ्ठीसाठी एक रांग, डॉक्टरांसाठी दुसरी, आणि बाळ सासूबाईंपाशी, म्हणून जीव घड्याळात. जाणार असाल तर आदल्या दिवशी कुणाला तरी विचारून घ्या, चर्मरोगाचे ठरलेले वार असू शकतात. दुसरं म्हणजे गरोदरपणा-बाळंतपणाच्या नोंदींचं तायी कार्ड आणि तापाचं डिस्चार्ज कार्ड न्या. त्यांवर तारखा असतात. डॉक्टरांनी पहिला प्रश्न तारखेचाच विचारला, "ज्वर यावाग बंदित्तु?" म्हणजे ताप कधी आला होता? नणंदेने डिस्चार्ज कार्ड पुढे केलं. ऑगस्टचा ताप, नोव्हेंबरची गळती. त्यांनी मान हलवली आणि पुढचं कानडी-मराठी मिसळून सुरू झालं.

आधी नणंद बसली. डॉक्टरांनी अंगठा आणि बोटांच्या चिमटीत पन्नास-साठ केसांची बट धरली आणि मुळापासून टोकापर्यंत बोटं सावकाश, थोडी ओढ देत सरकवली. हातात आठ-नऊ केस आले. सहाच्या वर आले की गळती जोरात चालू आहे असं धरतात, असं त्या म्हणाल्या. मग कानावर तेच केलं, मग मागे मानेच्या वर. सगळीकडे तितकेच केस आले. प्रत्येक केसाच्या मुळाशी पांढरट, टाचणीच्या डोक्याएवढी गाठ. मी ती बघून घाबरले, कारण मूळच उपटलं असं वाटतं. त्यांनी सांगितलं की ही गाठ म्हणजे केस आपली मुदत संपवून पडल्याची खूण. मूळ आत शाबूत असतं, त्यातूनच नवा केस येतो.

मग भांग. हा भाग मी नीट सांगते, कारण घरी आरशात बघता येतो आणि सगळी मेख इथे आहे. शेपटीच्या कंगव्याने त्यांनी नणंदेच्या डोक्यावर तीन भांग पाडले: कपाळाच्या मागे, टाळूवर, आणि अगदी मागे, जिथे आपण कधी भांग पाडत नाही तिथे. तिन्ही ठिकाणी दिसणारी कातड्याची पट्टी सारख्याच रुंदीची. वेणी निम्मी झालेली, कानांच्या वर केस विरळ, तरी भांग पुढे-मागे सारखाच. तापाने केस गळतात तेव्हा डोक्याचा एकच भाग निवडून गळत नाहीत.

मी बसले तेव्हा कपाळाची कड भरलेलीच होती, तिथे नवे केस आलेले. मागचा भांग बारीक, दोरा ओढल्यासारखा. पण टाळूवरचा भांग रुंद, आणि तिथून कपाळाकडे येताना आणखी फाकत गेलेला, दोन्ही बाजूंना केस पातळ. नणंदेने मोबाइलवर वरून फोटो काढून दाखवला. मी कधी वरून स्वतःला बघितलंच नव्हतं. ओढून बघितल्यावर माझेही पुष्कळ केस आले. म्हणजे डेंग्यूची गळती मलाही होतीच. पण डॉक्टर म्हणाल्या, नुसत्या गळतीने पुढचा आणि मागचा भांग इतका वेगळा होत नाही. मग विचारलं, "आईचा भांग कसा आहे? वडिलांकडच्या बायकांचा?"

आईचा अंबाडा अजून मुठीएवढा आहे. पण वडिलांची बहीण, माझी आत्या, चाळिशीतच भांगावर कुंकवाची पूड दाबून लावायची, ते डोळ्यांपुढे आलं. आम्हाला वाटायचं, सौभाग्याची हौस. केसांचा वारसा आईकडूनच येतो ही समजूत आपल्याकडे पक्की आहे, पण तो दोन्हीकडून येतो आणि एका पिढीत दिसला नाही म्हणून संपत नाही.

वारशाच्या विरळपणात केस मुठीने पडत नाहीत. डोक्याच्या वरच्या भागातली मुळं दर फेरीला लहान होत जातात. आधीचा केस जाऊन जो नवा येतो तो आधीपेक्षा बारीक असतो, कमी वाढतो, लवकर गळतो. संख्या फारशी न घटताही भांग उघडा पडतो, कारण जाड केसांच्या जागी लव उरते. बायकांमध्ये कपाळाची कड बहुधा शाबूत राहते आणि भांगाभोवती विरळ होतं. १९७७ मध्ये त्वचारोगतज्ज्ञ लुडविग यांनी याच्या तीन पायऱ्या ठरवल्या, आजही त्याच वापरतात. माझ्या कागदावर त्यातली पहिली लिहिली होती. पुरुषांमध्ये कपाळाचे कोपरे आणि भोवरा आधी उघडे पडतात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळं माप आहे. दिरांनी त्यात आपला नंबर शोधला आणि आठवडाभर टोपी घालून फिरले.

पण डॉक्टरांनी त्या दिवशी मला वारशाचा शिक्का मारला नाही. गळती जोरात असताना सगळंच विरळ दिसतं, म्हणून रक्त तपासा आणि एक घरगुती मोजणी करून या, असं सांगितलं. रक्ताच्या काही चाचण्या तिथेच झाल्या, बाकीच्या बाहेर केल्या. माझे एकोणीसशे रुपये गेले. दोन गोष्टी सांगून ठेवते. मेडिकलवाल्याने केसांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या दिल्या असतील तर थायरॉइड तपासण्याआधी डॉक्टरांना सांगा. बायोटिनमुळे त्या चाचणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात, म्हणून काही दिवस आधी बंद करायला सांगतात. आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तापात खोटंच वाढलेलं दिसतं, म्हणून ते ताप उतरून बरेच आठवडे झाल्यावर तपासायचं. माझं थायरॉइड ठीक होतं. (बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडणं दुर्मीळ नाही, म्हणून ते बघायचंच.) हिमोग्लोबिन १०.२ आणि फेरिटिन १४ आलं, दोन्ही कमी. लोहाच्या गोळ्या लागल्या. चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, एवढं एक पथ्य मला जड गेलं.

घरगुती मोजणी अशी. पाच दिवस डोक्यावरून न्हायचं नाही. मग मोठ्या घमेल्यात डोकं धुवायचं, मोरीच्या तोंडावर मलमलचा तुकडा बांधायचा, म्हणजे एकही केस वाहून जाणार नाही. कापडावरचे, घमेल्यातले आणि हाताला लागलेले सगळे केस पांढऱ्या कागदावर वाळवायचे आणि मोजायचे, तीन सेंटिमीटरपेक्षा आखूड वेगळे आणि लांब वेगळे. आम्ही दोघींनी रविवारी दुपारी बाळ निजल्यावर हे केलं. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "याच्यापेक्षा तांदूळ निवडून झालं असतं."

नणंदेचे दोनशे चाळीसच्या आसपास केस भरले. आखूड त्यात अगदी थोडे, आठ-दहा. माझे एकशे चौतीस, त्यातले एकवीस आखूड आणि बारीक, काही इतके मऊ की कागदावरून उचलेनात. डॉक्टरांनी लावलेला अर्थ असा: शंभराहून जास्त केस आणि त्यात आखूड दहातला एकही नाही, तर ती गळतीच. शंभरापेक्षा कमी, पण दहातल्या एकापेक्षा जास्त आखूड, तर वारसा. दोन्ही आकडे वर गेले, तर दोन्ही एकत्र. माझं तिसऱ्या खणात पडलं.

या मोजणीला मर्यादा आहेत. तुटलेले केस गोंधळ करतात. तुटलेल्या केसाच्या मुळाशी गाठ नसते आणि टोक बोथट असतं, म्हणून भिंग घेऊन दोन्ही टोकं बघायची आणि तुटके वेगळे काढायचे. बॉबकट असेल किंवा केस खूप कुरळे असतील तर आकडे बरोबर येत नाहीत. नुकतेच उगवलेले केसही आखूडच असतात, पण ते पक्के चिकटलेले असतात, सहसा धुण्यात पडत नाहीत. डोक्यावर मात्र उगवणारा केस आणि लव झालेला केस यांत फसायला होतं, कारण दोन्ही भुरभुरतात. भांगावर मागून पांढरा कागद धरून बघा. उगवणारा केस मुळाशी जाड आणि काळा असतो, टोकाला निमुळता होतो, आणि असे केस कपाळ, कानांच्या वर, मागे, सगळीकडे दिसतात. लव झालेला केस मुळापासूनच बारीक आणि फिका असतो, आणि तो मुख्यतः टाळू-भांगावर दिसतो, शेजारच्या जाड केसांमध्ये मिसळलेला.

खात्रीसाठी फेब्रुवारीत खासगी त्वचारोगतज्ज्ञांकडे दोघी गेलो, सहाशे रुपये माणशी. त्यांच्याकडे दिव्याचं भिंग होतं, त्यालाच डर्मोस्कोप म्हणतात. टाळूवर टेकवून त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. क्लिनिकमध्ये मी घाबरले होते ते हेच चित्र, पण इथे सांगणारं माणूस होतं. टाळूवर एकाच चौकोनात जाड, मध्यम, बारीक असे सगळे केस. जिथे एका छिद्रातून दोन-तीन केस यायला हवेत, तिथे बऱ्याच ठिकाणी एकच. मग भिंग मागच्या बाजूला टेकवलं. तिथे एकसारखे जाड केस, दोन-दोन, तीन-तीनच्या जुड्यांत. नणंदेच्या टाळूवर आणि मागे चित्र एकच होतं: सारख्या जाडीचे केस, अधूनमधून रिकामी छिद्रं आणि ताठ उभे नवे कोंब. तिची वही त्यांनी तिथेच मिटली. औषध काही नाही, नीट जेव, सहा महिन्यांनी दाखव.

नणंदेला ते पटलं नाही. एवढे केस गेल्यावर नुसतं जेव म्हणतात म्हणजे काय? पण ताप एकदाच आलेला आहे, तर गळती आपण होऊन थांबते, बहुधा सहा महिन्यांत. त्याहून लांबली तर कारण अजून चालू आहे असं धरून पुन्हा शोधायचं. तिची एप्रिलमध्ये थांबली. वेणीची जाडी यायला मात्र वेळ लागतो, कारण केस महिन्याला सेंटिमीटरभरच वाढतो. वेणीच्या मुळाशी दोरा गुंडाळून तिने कॅलेंडरवर दर महिन्याला खूण केली. वजनकाटा बघण्यापेक्षा ते बरं.

माझ्यासाठी मिनॉक्सिडिल हे डोक्याला लावायचं औषध सुचवलं, पण बाळ अंगावर पीत होतं म्हणून लगेच नको म्हणाले. घाई कसली, हा विरळपणा महिन्यांत धावत नाही, असं म्हणून लोहाच्या गोळ्या चालू ठेवल्या. मला हे आवडलं. ऑगस्ट २०२४ मध्ये लेकीचं पिणं सुटलं आणि मी पाच टक्क्यांचं औषध रात्री एकदा, एक मिलिलिटर, भांगावर कोरड्या कातड्याला लावायला सुरुवात केली. साठ मिलिलिटरची बाटली तेव्हा सातशेच्या आसपास होती, दोन महिने जाते. लावून हात धुवायचे आणि झोपायच्या बऱ्याच आधी लावायचं. उशीवर उतरून ते गालाला लागलं की तिथे लव येते. मला कानापुढे थोडी आलीय.

पहिल्या दीड महिन्यात गळती वाढली. हे आधी सांगितलेलं होतं, नाहीतर मी बाटली फेकून दिली असती. जुने बसलेले केस नव्यांना जागा देतात म्हणून तसं होतं, आणि परिणाम बघायला चार ते सहा महिने लागतात. तुलनेसाठी फोटो एकाच जागी काढायचे: आमच्या मागच्या खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, केस कोरडे, भांग मधोमध, मोबाइल वरून. ओल्या किंवा तेल लावलेल्या केसांत कुणाचाही भांग रुंद दिसतो. रोज आरशात बघून काही कळत नाही, उलट जीव खालीवर होतो. मी महिन्यातून एकदाच बघते.

फेब्रुवारी २०२५ मधला फोटो जुन्याशेजारी ठेवला, तेव्हा कपाळाकडे फाकलेला भाग अरुंद झालेला दिसला. टाळूवर अजून थोडं कातडं दिसतं. पूर्ववत होईल असं डॉक्टर म्हणत नाहीत, आहे ते टिकवायचं आणि थोडं भरायचं असं म्हणतात. औषध सोडलं तर मिळालेलं काही महिन्यांत जातं.

तुमच्या डोक्यावर नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे असतील, किंवा टाळू लाल, खवखवणारी आणि छिद्रं बुजल्यासारखी दिसत असेल, तर यातलं काही लागू नाही. तिथे भांग मोजत बसू नका, सरळ डॉक्टरांकडे जा, कारण छिद्रं बुजणाऱ्या प्रकारात गेलेले केस परत येत नाहीत.

दुसऱ्या बाळाचा विचार झाला तर मिनॉक्सिडिल आधी बंद करायचं, हे डॉक्टरांनी आत्ताच कागदावर लिहून दिलंय. त्यानंतर बाळंतपणाची गळती पुन्हा येईल, म्हणून पुढचे, टाळूवरचे आणि मागचे असे तिन्ही भांगांचे फोटो तारखा घालून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेत.